आज हजार की महिन्यानं अकराशे? उत्तर बदलतंय ते नेमकं कधी?

एक प्रश्न घ्या. तुम्हाला आज रोख १००० रुपये मिळतायत, किंवा बरोब्बर एका महिन्यानं ११००. देणारा खात्रीचा आहे, बुडवायचा प्रश्न नाही. कुठले घेणार? बरीच माणसं जरा विचार करतात आणि हजार उचलतात, द्या आत्ताच, महिनाभर कोण वाट बघत बसतंय.

आता हाच प्रश्न थोडा पुढं सरकवू. आजपासून १२ महिन्यांनी १००० की १३ महिन्यांनी ११००? मधलं अंतर तेवढंच, एक महिना. वाढ पण तेवढीच, शंभर रुपये. पण इथं तोच माणूस म्हणतो, वर्षभर थांबायचंच आहे तर अजून एक महिना काय जड आहे, अकराशे घेतो की. आणि खरी गंमत यापुढं आहे. समजा त्यानं अकराशे ठरवले, १२ महिने गेले, आणि आपण त्याच्याकडं जाऊन परत विचारलं की आता हजार देऊ का, का अजून महिना थांबतोस, तर तो म्हणणार, द्या हजार. म्हणजे वर्षापूर्वी पूर्ण शुद्धीत, कुणी दबाव न टाकता, त्यानं स्वतःच घेतलेला निर्णय दिवस उजाडल्यावर त्यानंच फिरवला. मधल्या काळात नवीन माहिती काही आली नाही, फक्त 'पुढं कधीतरी' असलेला दिवस 'आज' झाला.

याला प्रेझेंट बायस म्हणतात. लोक याला अधीरपणा समजतात, पण अधीरपणा वेगळा, आणि हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं चुकत जातंय. अधीर माणूस दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देईल, आजही हजार आणि वर्षानंही हजार, त्याला उद्याची किंमत कमीच वाटते आणि ती कायम तेवढीच कमी वाटते. तो स्वतःशी भांडत नाही. त्याला वर्षानं परत विचारलं तरी तो आधी म्हणाला तेच म्हणेल. पॉल सॅम्युएल्सननं १९३७ मध्ये जे गणित मांडलं आणि नंतर अर्थशास्त्रात सगळीकडं तेच वापरलं गेलं, त्यातला माणूस असाच आहे, दर महिन्याला ठराविक टक्के कमी करत जाणारा, बँकेचं व्याज उलटं चालवल्यासारखा. (सॅम्युएल्सननं स्वतःच लिहून ठेवलं होतं की खरी माणसं अशी वागतात असं धरणं मनमानीचं आहे, पण ते वाक्य लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.) प्रेझेंट बायसवाला माणूस असा नसतो. त्याचं आजचं मत आणि त्या दिवशीचं मत यातच वाद असतो.

हे गणितात बसवायचा सगळ्यात सोपा मार्ग डेव्हिड लेबसन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९९७ च्या लेखामुळं प्रसिद्ध झाला, आणि तो खरंच सोपा आहे, घाबरायचं काम नाही. माणूस मनातल्या मनात 'आज' सोडून बाकीच्या सगळ्या दिवसांवर एकदाच एक कट लावतो. उद्या असो, पुढचा महिना असो, पुढचं वर्ष असो, कट तोच. या कटानंतर उरतं त्या आकड्याला बीटा म्हणतात. बीटा ०.८ म्हणजे पुढची कुठलीही गोष्ट मनाला २० टक्के स्वस्त वाटते. उद्या आणि पुढचं वर्ष यात नेहमीचा छोटासा फरक असतोच, व्याजासारखा, पण तो आपण बाजूला ठेवू म्हणजे हिशोब तोंडी करता येईल.

आता वरचा प्रश्न घाला यात. आजचे १००० म्हणजे पूर्ण १०००. महिन्यानंतरचे ११०० मनाला वाटतात ८८०. हजार जिंकले. दुसऱ्या प्रश्नात दोन्ही रकमा पुढच्या, म्हणजे कट दोघांनाही, ८०० विरुद्ध ८८०. अकराशे जिंकले. लांबच्या दोन गोष्टींची तुलना करताना कट दोन्ही बाजूंना सारखाच लागतो म्हणून तिथं माणूस अगदी समतोल वागतो, आणि त्यातली एक 'आज' झाली की तिच्यावरचा कट उठतो, दुसरीवरचा तसाच राहतो. लांबून बघताना आपण सगळे शहाणे असतो ते यामुळं. पुढच्या वर्षी किती बचत करायची हे विचारलं तर प्रत्येकजण बरोबर आकडा सांगतो आणि तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी त्याला तसंच वाटत असतं.

हे शिकलेल्या-न शिकलेल्याचं किंवा संस्काराचं प्रकरण नाही, कारण कबुतरंपण असंच करतात. १९७२ मध्ये रॅकलिन आणि ग्रीन या दोघांनी कबुतरांवर एक प्रयोग केला. एक बटण टोचलं की लगेच दोन सेकंद दाणे खायला मिळणार, दुसरं टोचलं तर चार सेकंद थांबायचं आणि मग चार सेकंद खायला मिळणार, म्हणजे दुप्पट. समोर दाणे आहेत म्हटल्यावर कबुतरं लगेचचंच बटण टोचायची. मग त्यांनी एक पायरी आधी वाढवली. दाण्याच्या बऱ्याच आधी, १६ सेकंदांपर्यंत आधी, कबुतरासमोर दोन वाटा ठेवल्या: एका वाटेनं गेलं तर पुढं दोन्ही बटणं मिळणार, दुसरीनं गेलं तर पुढं फक्त थांबायचं बटण, म्हणजे मोह पडायची सोयच नाही. एवढं आधी विचारल्यावर कबुतरं दुसऱ्या वाटेनं जायला लागली. पुढं आपण घसरणार याची व्यवस्था आधीच करून टाकल्यासारखं ते वागणं आहे, आणि ही कल्पना लक्षात ठेवा, खाली तिचंच काम आहे.

त्याआधी एक सावधगिरी, कारण हा शब्द कळला की माणूस सगळीकडं तोच बघायला लागतो. आजचे पैसे घेणारा प्रत्येकजण बायसचा बळी नाही. ज्याच्या घरी उद्या दवाखान्यात पैसे भरायचेत त्यानं हजार घेतले तर तेच बरोबर आहे. ज्याला पुढच्या महिन्यात उसाचं बिल येणार आहे आणि आज खिसा रिकामा आहे त्याला आजचे हजार पुढच्या अकराशेपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, त्यात मनाचा खेळ काही नाही. आणि ज्याला आधी कुणीतरी 'देतो देतो' म्हणून बुडवलंय, ठेवी अडकल्यात, त्यानं हातातलं धरलं तर तो अनुभवावरनंच चाललाय. लहान मुलांना एक मिठाई आत्ता की थोडं थांबून दोन, हा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तो करायच्या आधी काही मुलांना दिलेला शब्द पाळला आणि काहींना दिलेला मुद्दाम मोडला, आणि मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना दिलेला मोडला ती जेमतेम ३. तेव्हा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरनं कुणालाच काही म्हणता येत नाही. बायस आहे का हे ओळखायचं असेल तर उत्तर फिरतं का ते बघायचं, आधी ठरवलेलं त्या दिवशी मोडतं का ते बघायचं, आणि मधे परिस्थिती बदललेली नाही याची खात्री करायची.

आणि पैसे हे मापायला तसं चांगलं साधन पण नाही. हातात आलेले हजार कुणी त्याच दिवशी खात नाही, ते खिशात जातात, खात्यात जातात, खर्च कधी होतात कोण सांगणार. म्हणून ऑगेनब्लिक, नीडर्ले आणि स्प्रेंगर या तिघांनी बर्कलीच्या विद्यार्थ्यांना पैशाऐवजी कंटाळवाणं काम दिलं, धूसर अक्षरं बघून टाईप करायची वगैरे. किती काम कुठल्या तारखेला करणार हे आधी ठरवायचं आणि मग तो दिवस आला की परत विचारायचं. तो दिवस आल्यावर पोरांनी आजचं काम कमी केलं आणि पुढच्या तारखेवर ढकललं. २०१५ ला हा अभ्यास छापून आला. कामाच्या बाबतीत बीटा ०.९ च्या आसपास निघाला आणि पैशाच्या बाबतीत जवळजवळ १, म्हणजे पैशात कट नसल्यासारखाच. माझं मत विचाराल तर प्रेझेंट बायस समजून घ्यायचा असेल तर पैसे घेण्यापेक्षा कामं टाळण्याकडं बघावं, तिथं तो जास्त उघडा पडतो. आपल्याकडं तर रोज दिसतो. मी पतसंस्थेत काउंटरला असतो, त्यामुळं मला सगळ्यात ओळखीचं उदाहरण आहे सोनंतारणाचं.

कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान असलेला एक माणूस धरू, त्याला संजू म्हणू. संजूनं बायकोचे दागिने ठेवून दोन लाख उचललेत, व्याज वर्षाला १२ टक्के. नंतर त्याची भिशी लागली आणि दोन लाख बचत खात्यात येऊन पडले, तिथं मिळतात ३ टक्के. म्हणजे जितके दिवस हे पैसे खात्यात आणि दागिने तिजोरीत, तितके दिवस ९ टक्क्यांचा तोटा. दोन लाखाचे ९ टक्के म्हणजे वर्षाला १८ हजार, दिवसाला ४९ रुपये, आपण पन्नास धरू. पैसे आहेत, भरायचे आहेत, भरले की दागिने घरी. मग तो जात का नाही? कारण जायचं म्हणजे अर्धा दिवस दुकान बंद, पार्किंग शोधा, लाईनीत थांबा, सोनं मोजून बघून ताब्यात घ्या, सह्या करा. हा त्रास त्याच्या मनाला समजा ६०० रुपयांचा वाटतो.

बीटा ०.८ धरून संजूच्या डोक्यात काय चालतं बघा. आज गेलं तर त्रास पूर्ण ६००. उद्या गेलं तर ६०० अधिक एका दिवसाचं व्याज ५०, मिळून ६५०, पण ते सगळं उद्याचं, म्हणून कट लागून वाटतं ५२०. उद्या जाणं ८० रुपयांनी स्वस्त पडलं. मग उद्या जाऊ. आणि उद्या उजाडला की उद्याचा आज झाला, परत तेच ६०० विरुद्ध ५२०, परत उद्या. प्रत्येक दिवसाचा निर्णय वेगळा काढून बघितला तर तोटा फक्त पन्नास रुपयाचा आहे, एवढ्याला कोण विचारतंय, पण नव्वद दिवस असेच गेले की साडेचार हजार गेले, तेही सहाशे रुपयाचा त्रास वाचवायला, आणि तो त्रास वाचला पण नाही, तो अजून समोरच उभा आहे.

इथं लोक संजूला आळशी म्हणतात ते मला पटत नाही. हाच संजू गुरुवारी रात्री ठरवतो की सोमवारी जायचंच, आणि त्याचं ठरवणं खरं असतं. गुरुवारी बसून सोमवार आणि मंगळवार दोन्ही लांबचेच, सोमवारचे ६०० कट लागून ४८०, मंगळवारचे ६५० कट लागून ५२०, सोमवार स्वस्त. त्यामुळं तो मनापासून सोमवार म्हणतो, घरात सांगतो, बायको पण विश्वास ठेवते. सोमवारी सकाळी मात्र सोमवारवरचा कट उठलेला असतो. घरात जी भांडणं होतात, "तुम्ही नुसतं म्हणता, करत काय नाही," त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी हा कट असेल असं मला वाटतं, कारण म्हणणारा खोटारडा नसतो आणि ऐकणारीचा राग पण खोटा नसतो.

मग यातनं सुटतो कोण? टेड ओडोनाह्यू आणि मॅथ्यू रेबिन यांनी १९९९ मध्ये यावर जो लेख लिहिला तो मला या विषयातला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. ते म्हणतात की बीटा सारखाच असलेली दोन माणसं घ्या. एकाला वाटतं उद्या मी नक्की करणार, त्याला ते भोळा म्हणतात. दुसऱ्याला माहीत आहे की उद्या पण मी आजच्यासारखाच वागणार, तो जाणता. कट दोघांनाही तेवढाच लागतो, मोह दोघांनाही तेवढाच आहे. फरक एका प्रश्नात आहे. भोळा विचारतो, आज की उद्या? जाणता विचारतो, आज नाही केलं तर खरोखर कधी होणार?

संजू जाणता असता तर? तो म्हणाला असता, उद्या काय मी जात नाही, आता सुटलं की आठवडाभर गेलं. मग तुलना आज विरुद्ध सात दिवसांनी. सात दिवसांचे ६०० अधिक ३५०, मिळून ९५०, कट लागून ७६०. आजचे ६०० त्यापेक्षा कमीच. चला, दुकानाला कुलूप लावा. हिशोब केला तर तीन दिवसांवर बरोबरी होते, ६०० अधिक १५० म्हणजे ७५० आणि त्याचे ८० टक्के बरोब्बर ६००. म्हणजे जाणता संजू फारतर दोन दिवस ढकलेल, त्याहून जास्त नाही. मन तेच, मोह तोच, आणि एकाचे शंभर रुपये जातात तर दुसऱ्याचे साडेचार हजार. दोघांमधला सगळा फरक स्वतःबद्दलच्या अंदाजाचा. (०.८ हा आकडा मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलाय, तो कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, आणि एकाच माणसाचा खाण्यापिण्यातला आणि कागदपत्राच्या कामातला बीटा वेगळा असू शकतो.)

जाणत्या माणसाकडं अजून एक रस्ता असतो, कबुतराचा. मोहाच्या आधीच वाट बंद करून टाकायची. आणि इथं मला आपल्या दुधाचं बिल आठवतं, कारण आपल्या जिल्ह्यात गावोगाव ही व्यवस्था उभी आहे आणि आपण तिच्याकडं या नजरेनं कधी बघितलेलंच नाही.

गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी होतं हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण माहीत असतं. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं, फॅट लागते, नोंद होते, आणि पैसे दहा दिवसांचे एकदम. शिवाय दिवाळीच्या तोंडावर वर्षाचा फरक वेगळा. दुसऱ्या बाजूला रोख पैशाच्या वाटा पण आहेत. शहरात रतीब घालता येतो, एखाद्या हॉटेलवाल्याला देता येतं, गंगावेशीत तर कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाईकासमोर धार काढून विकतात. तरी गावातली बाई दूध डेअरीतच घालते. का?

एक हिशोब मांडू, आकडे माझे. दिवसाला दहा लिटर म्हशीचं दूध, डेअरीत ५० रुपये दर, म्हणजे दहा दिवसांनी ५००० एकदम. हॉटेलवाला ५२ देतोय आणि रोज रोख, म्हणजे दिवसाला ५२०, दहा दिवसांनी ५२००. दोनशे जास्त आणि वर पैसे लवकर. नुसतं अधीर असणाऱ्या माणसानं तर डोळे झाकून हॉटेल धरावं. पण घरात दहाव्या दिवशी पेंडीचं पोतं आणायचंय, समजा दोन हजाराचं. रोज ५२० हातात येतात तेव्हा रोज त्यातले दोनशे बाजूला ठेवावे लागणार, दहा वेळा, दहा संध्याकाळी, आणि प्रत्येक संध्याकाळी समोर पोराची फी नाही, पेंड पण नाही, समोर आहे वडा, रिचार्ज, पाहुणा आला म्हणून अर्धा किलो मटण, कुणीतरी मागितलेले शंभर. पेंड पुढची, कट लागलेली. हे आजचं, पूर्ण किमतीचं. दहा दिवसात दोनशेपेक्षा जास्त असे सुटले की जास्त दर मिळून पण पेंडीला पैसे कमी पडणार, मग पेंड उधार, मग म्हशीचं दूध कमी. हे त्या बाईला पक्कं माहीत असतं. ती डेअरीला जे दोनशे सोडून देते ती तिच्या मते दहा संध्याकाळी न झगडण्याची किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे.

हा नुसता माझा अंदाज नाही. लॉरेन्झो कासाबुरी आणि रोक्को माकियावेल्लो या दोघांनी केनियातल्या दूध उत्पादकांवर नेमका हाच प्रश्न लावून काम केलं, २०१९ ला ते छापून आलं. तिथं सहकारी संघ महिन्यानं पैसे देतो, आणि गावातले व्यापारी रोज रोख देतात, दर पण चांगला देतात. तरी शेतकरी संघाला दूध घालत होते. मग त्यांना सरळ निवड दिली, जास्त दरानं रोज की कमी दरानं महिन्याचं एकदम, आणि बहुतेकांनी महिन्याचं घेतलं. पैसे उशिरा मिळावेत म्हणून माणसं स्वतःचे पैसे सोडत होती. शंभर वेळा वाचलं तरी मला हे वाक्य मोठं वाटतं, कारण गरीब माणसाला बचतीची समज नसते असं जे सर्रास बोललं जातं त्याच्या हे बरोबर उलटं आहे.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली ती तितकीच महत्त्वाची. व्यापाऱ्यांनी पण महिन्यानं पैसे द्यायची सोय का सुरू केली नाही? कारण शेतकऱ्यांना खात्री नव्हती. महिनाभराचं दूध घेऊन व्यापारी पसार झाला तर विचारायचं कुणाला? उशिरा पैसे घेणं ही सोय तेव्हाच होते जेव्हा देणारा बुडवणार नाही याचा भरवसा असतो, नाहीतर ते नुसतं बिनव्याजी उधार देणं झालं. सहकारी संघाला दर कमी देऊन पण दूध मिळतं त्यात या भरवशाची किंमत धरलेली आहे. हे पण खरं की डेअरीत घालायची कारणं तेवढीच नाहीत, दूध वाढलं तरी नाही म्हणत नाहीत, पशुखाद्य मिळतं, डॉक्टर येतो, म्हणून सगळं श्रेय बीटाला देणं चूक होईल.

आता या बांधून घेण्याची दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. आमच्याकडं पिग्मी असते. एजंट रोज दुकानात येतो, शंभर-दोनशे घेऊन जातो. मुदत पूर्ण केली तर ठीक, मधेच मोडली तर व्याज मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी वर कमिशन कापतात. तरी मोडायला येणारी माणसं मी कायम बघतो, आणि ती तीच माणसं असतात ज्यांनी मोठ्या हौसेनं सुरू केलेली असते. फिलिपिन्समध्ये अ‍ॅनेट जॉन हिनं असाच प्रयोग केला. ठराविक हप्त्यांची बचत, आणि हप्ता चुकला तर दंड किती हे प्रत्येकानं स्वतःच ठरवायचं. एकूण बचत वाढली खरी, पण ५५ टक्के लोकांचा करार मोडला आणि त्यांना स्वतःच ठरवलेला दंड बसला. दंड ठरवायचा अधिकार त्यांचाच होता, मग असं का?

संजूवर करून बघितलं की लगेच कळतं. समजा संजूला थोडीशी जाणीव झालीय, पूर्ण नाही. तो मित्राला म्हणतो, ज्या दिवशी मी सोनं सोडवायला गेलो नाही त्या दिवशी तुला जागेवर ५० रुपये देणार. आता आज जाणं ६००. आज टाळणं म्हणजे आत्ता ५० दंड, अधिक उद्याचं ६५० कट लागून ५२०, मिळून ५७०. अजून टाळणंच स्वस्त. तो दंड भरतो आणि टाळतो, दुसऱ्या दिवशी परत. आधी दिवसाला पन्नास जात होते, आता शंभर जातात. बांधून घेतल्यानं तो आधीपेक्षा वाईट अवस्थेत गेला. दंड १०० असता तर १०० अधिक ५२०, म्हणजे ६२०, आता जाणं स्वस्त, आणि तो पहिल्याच दिवशी गेला असता, दंडाचा एक रुपया न भरता. पुरेसा मोठा दंड कुणालाच भरावा लागत नाही, छोटा दंड मात्र रोज भरावा लागतो. आणि अर्धवट जाणता माणूस छोटाच ठरवणार, कारण त्याला वाटत असतं की आपल्याला एवढा धाक बास आहे.

अजून एक बारीक गोष्ट. तोच १०० चा दंड मित्रानं महिन्याच्या शेवटी हिशोबात धरतो म्हटलं तर? मग दंड पण पुढचा झाला, त्यावर पण कट, वाटतो ८० चा, आणि बेरीज होते बरोब्बर ६००, म्हणजे काठावर. तोच दंड जागेवर घेतला तर धाक बसतो, महिनाअखेरीला घेतला तर माणूस परत टाळायची शक्यता राहते. तालमीतल्या भिशीत हप्त्याच्या रात्री सगळे एकत्र बसतात, नाव घेऊन विचारतात, आणि ज्याचा आला नाही त्याला तिथंच चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. हा दंड रुपयात नसतो पण तो त्याच दिवशी, त्याच मिनिटाला बसतो, म्हणून त्यावर कट लागत नाही. मोबाईलवर ऑनलाईन भरायच्या भिशीत हेच नसतं, मेसेज बघितला नाही म्हटलं की झालं, आणि तिथं हप्ते मागं पडायला लागले तर दंडाचा आकडा वाढवायच्या आधी तो कधी वसूल होतो ते बघायला पाहिजे.